आठ लाखांचं लग्न साडेपंधरावर कसं गेलं?

प्रश्न: मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. घरात बसून एक आकडा ठरवला होता, पण रोज कुणीतरी काहीतरी वाढवतं. "आपल्यात असंच असतं", "लग्न काय रोज रोज होतं का" असं म्हटलं की माझं तोंड बंद होतं. कर्ज काढायचं नाही आणि माणसंही दुखवायची नाहीत. कुठे हात आखडता घ्यावा?

उत्तर: अशाच एका कुटुंबाचं उदाहरण सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वडील चिंचवडला कारखान्यात नोकरीला, मूळ गाव सातारा जिल्ह्यात. सोनं आधीच करून ठेवलेलं, त्यामुळे त्याचा हिशेब वेगळा होता. बाकी सगळ्याला आठ लाख धरले होते. ते समुपदेशनाला आले तेव्हा यादी 15 लाख 55 हजारांवर पोचली होती.

त्यांनी सोबत आणलेल्या कागदावर फक्त वस्तू आणि रकमा होत्या. अशी यादी घेऊन कात्री लावायला बसलं की माणूस सगळ्यात मोठ्या आकड्यावर घाव घालतो, घरात भांडण होतं आणि आठ दिवसांनी आकडा पुन्हा जागेवर येतो. म्हणून आधी यादीला तीन रकाने जोडायला सांगितले: हे कोणी सुचवलं, कोण वापरणार, आणि कोण बघणार. आई, वडील आणि मुलगी यांनी ते वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता भरायचं. ही अट महत्त्वाची आहे. एकत्र बसलं की घरातला सगळ्यात ठाम आवाज तिघांच्याही कागदावर उमटतो.

कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर पहिली गंमत संगीताच्या कार्यक्रमात निघाली. हॉल, डीजे, नाच शिकवणारी मुलगी आणि त्या रात्रीचं जेवण धरून 1 लाख 10 हजार. वडिलांनी "कोणी सुचवलं"मध्ये मुलीचं नाव लिहिलं होतं. मुलीने लिहिलं होतं "बाबांची हौस". सुचवलं होतं तिच्या चुलतभावाने, स्वतःच्या लग्नात केलं होतं म्हणून. दोघंही एकमेकांसाठी पैसे घालायला निघाले होते आणि दोघांनाही ते नको होतं. संगीताऐवजी मेंदी घरच्या गच्चीवर झाली, 20 हजारांत. लग्नघरात असे एक-दोन खर्च हमखास निघतात. मागणारा कुणीच नसतो, पण प्रत्येकाला वाटतं की समोरच्याला हवंय. "तुला काय हवंय?" असं चारचौघांत विचारलं तर हे कळत नाही. मुलगी संकोचते आणि जे चाललंय त्याला मान हलवते.

मग "कोण बघणार" हा रकाना. बेअर्डन आणि एट्झल या अभ्यासकांनी 1982 मध्ये दाखवलं होतं की ज्या वस्तू चारचौघांत वापरल्या जातात आणि ज्या गरजेच्या नसतात, त्यांच्या खरेदीवर आपल्या गटातल्या लोकांचा प्रभाव सगळ्यात जास्त पडतो. या घरात तेच दिसलं. किराणा किंवा भटजींची दक्षिणा यांवरून कुणी वाद घातला नव्हता. वाढलेले 7 लाख 55 हजार बहुतेक स्टेजवर, ताटात, रुखवतात आणि मानपानात होते.

मानपान या घरात 60 हजारांवरून 1 लाख 66 हजारांवर गेलं होतं. त्यात 900 रुपयांच्या 70 साड्या, 80 जणांना टॉवेल-टोपी-उपरणं, 150 फेटे, आणि व्याह्यांच्या घरातल्या 15 जणांना साडेतीन-साडेतीन हजारांचे कपडे. गावाकडच्या थोरल्या चुलत्यांनी सांगितलेली ही यादी. त्यातली 900 रुपयांची साडी पाहा. तिच्यावर पिवळी पट्टी, नारळाचा ओला डाग, पिन मारलेली चिठ्ठी. ती घेणारी बाई नेसत नाही. पुढच्या लग्नात चिठ्ठी बदलून देते. मांडवात महत्त्व असतं माइकवरून नाव पुकारलं जाण्याला आणि कपाळाला लागणाऱ्या कुंकवाला. ते दोन्ही फुकट आहे. म्हणजे मान द्यायचाच, पण त्याची किंमत साडीत मोजायची गरज नाही.

यावर लोक सोपा उपाय काढतात: पत्रिकेवर "आहेर आणू नये" छापतात. तो बहुतेक वेळा फसतो, आणि का फसतो ते समजून घ्या. बहुतेक घरांत आहेराची वही असते. कुणाच्या लग्नात आपण किती दिलं, त्यांनी आपल्याकडे किती दिलं, सगळं त्यात असतं. ज्यांच्याकडे तुम्ही वीस वर्षं आहेर केला, त्यांच्यासाठी तुमच्या मुलीचं लग्न म्हणजे ते देणं फेडायची वेळ. तुम्ही "नको" म्हणता तेव्हा त्यांना ते औदार्य वाटत नाही. आपल्याला ओझ्याखाली ठेवलं असं वाटतं. मग ते पाकीट आणतातच, आणि तुमच्याकडे परतीला काही नसलं की आदल्या रात्री घाईत, चढ्या भावाने साड्या आणाव्या लागतात. त्याऐवजी पाकीट घ्या, वहीत लिहा, फक्त परतीचा कपड्यांचा आहेर बंद करा. तोही एकट्याने जाहीर करू नका. दोन्ही घरांनी याद्या करायच्या बैठकीत ठरवलं तरच ते टिकतं. बैठकीत भावकीसमोर एकदा बोललेला शब्द मागे घेता येत नाही, त्यामुळे आकडे आणि कुणी काय बोलायचं हे बैठकीआधी घरात पक्कं झालेलं हवं.

या वडिलांना प्रश्न पडला होता की थोरल्या काकांना कसं सांगायचं. "खर्च कमी करतोय" असं सांगितलं असतं तर काकांना ते आपल्या शब्दाला नाही म्हणणं वाटलं असतं. म्हणून आकडा घरात ठरवला आणि निवड काकांकडे दिली. "काका, मानाच्या साड्या अठराच घेतोय, पण चांगल्या, दीड-दीड हजाराच्या. कुणाला चुकवून चालणार नाही ते तुम्हीच सांगा." काकांनी दोन दिवस वही चाळली, आत्या, मावश्या, करवल्या धरून अठरा नावं काढली, आणि राहिलेल्यांची समजूतही स्वतःच घातली. फेटे 40 झाले, बाकीच्यांना टोपी-उपरणं-नारळ, व्याह्यांकडच्या कपड्यांना माणशी दोन हजारांची मर्यादा. एकूण 72 हजार 600. ज्याचा शब्द चालतो त्याच्याशी भांडू नये, त्याच्या हातात मर्यादित संख्या द्यावी.

जेवणाचं गणित वेगळं आहे, कारण तिथे दोन आकडे एकमेकांना गुणतात. 600 ताटं 350 रुपयांनी धरली होती. ती 950 झाली आणि ताट 420 चं झालं, म्हणजे 2 लाख 10 हजारांचे 3 लाख 99 हजार. ताटाचे 70 रुपये वाढले ते वडिलांच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडचे चाट आणि डोशाचे काउंटर पाहून. माणसं वाढली ती गावामुळे. 178 घरांना चूलबंद आवतण, घरटी पाच माणसं, म्हणजे 890, आणि ऑफिसचे 60. आपलं गाव आपल्याला घासातला घास देतं, तर त्यातलं एकही घर गाळता येत नाही हे खरं. पण प्रत्येक घराला सगळ्या चुलीचं आवतण द्यावं लागतं असं नाही. जवळच्या 80 घरांना चूलबंद ठेवलं, उरलेल्या 98 घरांना घरटी दोन माणसांचं, म्हणजे 400 अधिक 196 अधिक ऑफिसचे 60, एकूण 656. पुन्हा 350 च्या ताटाने 2 लाख 29 हजार 600. आवतण द्यायला जाणाऱ्याने दारातच "तुम्ही दोघं यायचं" असं स्पष्ट म्हणायला हवं. इथे कच खाल्ली तर सगळा हिशेब कोलमडतो.

केटररशी बोलताना कमीत कमी किती ताटांचे पैसे द्यावे लागतील हा आकडा आणि वरच्या प्रत्येक ताटाचा दर लेखी घ्या. बरेच जण भीतीपोटी कमीत कमीचा आकडाच फुगवून सांगतात, आणि न आलेल्या माणसांचेही पैसे भरतात.

रुखवत आणि संसारोपयोगी सामानावर एक लाख वाढले होते. फ्रिज आणि लाकडी कपाट हे आईने लिहिलेलं, "मांडवात दिसलं पाहिजे" म्हणून. वापरणार जोडपं, आणि जावई पुण्यात भाड्याच्या लहान घरात, फ्रिज त्यांच्याकडे आधीच होता. मुलीला विचारल्यावर तिने कपाट जाईल की नाही यासाठी जिन्याचं माप सांगितलं. दोन्ही वस्तू गळल्या, रुखवत घरच्या करंज्या-लाडू, विणकाम आणि भांड्यांवर उरकलं. हा खर्च 1 लाख 20 हजारांवर आला. मुलीला काही द्यायचंच असेल तर तिच्या नावावर ठेव ठेवा. मांडवात ती दिसणार नाही, हे मान्य करूनच. लग्नात मुलीला मिळालेल्या भेटींची सही केलेली यादी करून ठेवण्याची तरतूद हुंडा प्रतिबंधक कायद्याखालच्या 1985 च्या नियमांत आहे. ती करून तिच्याकडे द्या.

मात्र फ्रिज, गाडी किंवा रोख रक्कम वराकडून सुचवली जात असेल तर तो मानपानाचा विषय राहत नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 नुसार मागणं हाही गुन्हा आहे. तिथे कमी-जास्त करत बसायचं नसतं, लग्नाचाच फेरविचार करायचा असतो.

आता उरलेलं. कार्यालय आणि सजावट दीड लाखांची दोन लाख 40 हजार झाली होती. आगाऊ रक्कम गेलेली असल्याने फक्त स्टेजची फुलं कमी करून 30 हजार वाचले. फोटोत ड्रोन काढला, प्री-वेडिंग मात्र ठेवलं, कारण तिन्ही कागदांत ते मुलीच्या नावावर होतं आणि तिने ते मनापासून मागितलं होतं. सगळं धरून 9 लाख 57 हजार 200. आठ लाखांत काही लग्न बसलं नाही. वडिलांनी दीड लाख दिवाळीच्या बोनसमधून आणि बाकीचे आपल्या बचतीतून भरले, कर्ज घेतलं नाही.

त्यानंतर एक नियम ठेवला: काही नवीन यादीत घालायचं तर त्याच रकमेचं काहीतरी काढायचं, आणि ते कोणी सुचवलं हे शेजारी लिहायचं. एक आत्या रुसल्या, साडी मिळूनही, कारण त्यांच्या जावेलाही तीच साडी मिळाली होती. त्या हळदीला आल्या नाहीत, लग्नाला आल्या. तुमच्याकडेही एखादी रुसेल. ती कोण असू शकेल हे आधी ओळखून, पत्रिका पोस्टाने न पाठवता तिच्या घरी स्वतः घेऊन जा.