जात, लिंगभाव आणि विषमता यांवर सामान्य वाचकासाठी संतुलित, अभ्यासपूर्ण पुस्तकं कोणती? एकांगी नकोत.

एकच नाव हवं असेल तर बाबासाहेब आंबेडकरांचा ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध. वीसेक पानांचा आहे. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी खंडांपैकी पहिल्या खंडात तो सुरुवातीलाच आहे आणि मराठी भाषांतरंही मिळतात. जात आणि बाई हे दोन वेगळे विषय नाहीत, हे इतक्या कमी पानांत सांगणारं दुसरं काही माझ्या वाचनात नाही.

आता ‘एकांगी नकोत’बद्दल. मी तालुक्याच्या वाचनालयात बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. हा शब्द मी आजवर फक्त याच विषयांच्या पुस्तकांबाबत ऐकलाय. शिवकालावरची कादंबरी नेताना कुणी ‘यात औरंगजेबाची बाजू आहे का?’ असं विचारत नाही. माझा धाकटा काका मात्र माझ्या टेबलावरचं पुस्तक उचलून, मलपृष्ठ वाचून ‘एकांगी’ म्हणून परत ठेवतो. वीस वर्षांपूर्वी त्यानं याच निबंधाला तसं म्हटलं होतं. ते अजून मला लागलेलं आहे.

निबंधात आहे काय ते आधी सांगते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात तो वाचला गेला. बाबासाहेब तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. सुरुवातीलाच ते सेनार, नेसफिल्ड, रिस्ली आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर या अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या घेतात. प्रत्येकाचं म्हणणं आधी मांडतात, मग कुठं कमी पडतं ते सांगतात. विटाळाची कल्पना हे जातीचं मूळ लक्षण नव्हे, असं सेनारला उत्तर. बाहेरच्यांबरोबर न जेवणं हा जातीचा परिणाम आहे, नेसफिल्डनं तोच कारण मानला, असं नेसफिल्डला. केतकरांचं तर कौतुकच करतात, आणि मग म्हणतात की जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानं सभासदत्व ही तुम्ही दोन लक्षणं धरलीत, पण ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केलं की आत यायला जन्माशिवाय वाट उरतच नाही.

मग खरा मुद्दा येतो. एखाद्या गटाला आतल्या आतच लग्नं करायची असतील, तर लग्नाच्या वयाच्या बायका आणि पुरुष यांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की बायको ‘जादा’ होते. तिचा दुसरा नवरा गटातलाच झाला तर एका कुमारिकेच्या वाट्याचा पुरुष जातो, बाहेरचा केला तर गटाची भिंत पडते. म्हणून एक तर तिला चितेवर घालायचं, नाही तर जन्मभर विधवा ठेवायचं आणि कुणाचं मन जाऊ नये असं तिचं रूप करून टाकायचं. बायको मेली की पुरुषही ‘जादा’ होतो. पण तो पुरुष आहे. त्याला जाळता येत नाही, संन्यास लादता येत नाही, आणि तो गटाला हवाही असतो. मग त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी आणायची. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली म्हणजे जात टिकवण्याचं गणित, असं हा निबंध सांगतो. पुढचा भाग त्याहून भेदक आहे. वरच्या गटानं दार लावून घेतलं, खालच्यांनी त्याचं अनुकरण केलं. आणि जो गट वरच्याच्या जितका जवळ, तितक्या जास्त चाली त्यानं उचलल्या. अगदी जवळच्यांनी तिन्ही, त्याखालच्यांनी वैधव्य आणि बालविवाह, त्याखालच्यांनी फक्त बालविवाह आणि सर्वांत लांबच्यांनी नुसता जातीच्या तत्त्वावरचा विश्वास.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण आमचं घर त्यात होतं.

माझी आजी १९४४ साली विधवा झाली. बावीस वर्षांची होती. माझे वडील तीन वर्षांचे आणि काका अंगावर पिणारा. कुंकू गेलं, पण कपाळावर हिरवं गोंदण होतं, मुगाएवढं. ते पुसायची काही सोय नव्हती. संक्रांतीचं हळदीकुंकू असलं की ती माजघरात सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. कुणी मुलगी चुकून कुंकवाची कोयरी घेऊन आत आलीच तर नुसती मान हलवायची. आम्हाला लहानपणी सांगितलेलं होतं की आजीनं मुलांसाठी संसार सोडला, आणि आपल्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावतच नाहीत.

तो निबंध वाचल्यावर मी आजीच्या धाकट्या नणंदेला विचारलं. तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती, पण डोकं तल्लख. म्हणाली, “कुणी सांगितलं लावत न्हाईत? माजी आईच पाटाची. आमच्या बापाशी तिचं म्होतूर लागलं, मग आम्ही झालो.” म्हणजे ज्या पणजोबांनी स्वतः एका विधवेशी पाट लावला, त्यांच्याच दारात तीस-चाळीस वर्षांनी सुनेचा बाप स्थळ घेऊन आला. शेजारच्या गावचा बिजवर होता, आठ एकर जिरायत. पणजोबांनी त्याला बसायला घोंगडं टाकलं, चहा दिला आणि म्हणाले, “आता आपल्यात लावत न्हाईत.” तो ‘आता’ म्हाताऱ्या नणंदेनं मला दोनदा म्हणून दाखवला. मधल्या काळात पणजोबांनी बागायत घेतली होती, गुळाची आडत घातली होती आणि घर शहाण्णव कुळी म्हणवून घ्यायला लागलं होतं. पाट लावणारे ते कुणबी, आपण नव्हे.

“मग त्या बिजवराचं काय झालं?” मी विचारलं.

“त्यानं केली की दुसरी. पोरगी न्हातीधुती बी झाली न्हवती.”

मी काकाला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो चिडला. “आईनं स्वतःच्या मनानं केलं. आणि तुझ्या त्या लेखात दुसरी बाजू कुठाय?” आमच्या भांडणाचा धागा तिथपासून तुटला नाही. लग्नकार्यात भेटलो की अजून निघतो. माझं म्हणणं असं की समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा रीतीनं आधी मांडणं, हा संतुलनाचा खरा अर्थ. निम्मी पानं इकडे आणि निम्मी तिकडे, याला मी वाटणी म्हणते. त्या निबंधात चार जणांचं म्हणणं त्यांच्या नावानिशी आहे. शेवटी तर लेखक स्वतःच म्हणतो की माझा सिद्धान्त टिकत नाही असं कुणी दाखवून दिलं, तर तो सोडून द्यायलाही मी तितकाच तयार असेन. पुढे १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं संमेलनच रद्द केल्यामुळे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण झालंच नाही. ते बाबासाहेबांनी स्वखर्चानं छापलं, आणि दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीकाही छापली, तिच्यासोबत आपलं उत्तरही. आपल्या पुस्तकात आपल्यावरची टीका छापणारे किती लेखक दाखवाल?

काकाला आकडेच हवे असतात म्हणून त्याला एक अभ्यासही दाखवला. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना हजारोंनी अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. एक उच्चवर्णीय वाटणारं, एक दलित, एक मुस्लिम. २००७ साली निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय नावाला बोलावणं येण्याची शक्यता १ धरली, तर सारख्याच पात्रतेच्या दलित नावाला ती ०.६७ निघाली आणि मुस्लिम नावाला ०.३३. याला मर्यादा आहेत. हे खाजगी कंपन्यांचं आणि शिकलेल्या उमेदवारांचं आहे, आणि बोलावणं म्हणजे नोकरी नव्हे. शेतमजुरीबद्दल किंवा सरकारी भरतीबद्दल यातून काही सिद्ध होत नाही, आणि लेखकांचा तसा दावाही नाही. हा आणि असेच अभ्यास ‘ब्लॉक्ड बाय कास्ट’ या संग्रहात एकत्र मिळतात. काका वाचून म्हणाला, “नावं काय, कुणीही ठेवतं.” बरं.

आता उरलेल्या गोष्टी. ‘कास्ट्स इन इंडिया’ शेवटचा शब्द नाही. त्यात आकडेवारी नाही, तर्क आहे. अस्पृश्यता कशी आली हे त्यात नाही, आणि जमीन-मजुरीबद्दल तर जवळजवळ काहीच नाही. सगळ्यात मोठी उणीव ही की त्यातल्या बायका गणितातले आकडे आहेत, बोलत नाहीत. त्यांचं बोलणं ऐकायचं असेल तर उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ घ्या. १९८९चं आहे. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना घरोघर जाऊन भेटून लिहिलेलं. ताराबाई शिंदेंचं १८८२चं ‘स्त्रीपुरुष तुलना’ही वाचा, पण ते संतुलित नाही, संतापलेलं आहे. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला स्वतःच्या नवजात बाळाच्या हत्येसाठी आधी फाशी आणि मग काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्यावरून लिहिलंय. कुणी शांतपणे लिहावं असा तो प्रसंगच नव्हता. इंग्रजी वाचत असाल तर उमा चक्रवर्तींचं ‘जेंडरिंग कास्ट’ सामान्य वाचकासाठीच लिहिलेलं आहे आणि बाबासाहेबांचा धागा तिथून पुढे नेतं.

काकाबद्दल एक कबूल करायला हवं. पाट लागला असता तर मुलं बापाच्या घरी राहिली असती, तशीच रीत होती. अंगावर पिणारा काका आईवेगळा वाढला असता. ‘आईनं स्वतःच्या मनानं केलं’ हे त्याला का म्हणावं लागतं, ते मला कळतं. आजीला मी कधी विचारलं नाही. हे सगळं कळलं तेव्हा ती जाऊन सहा वर्षं झाली होती.

यातलं काही तुमच्या वाचनालयात नसेल तर मागणी-वहीत लिहा, आणि आणखी दोघांना लिहायला सांगा. आमच्याकडे एकाच पुस्तकाला तीन सह्या झाल्या की ते पुढच्या खरेदीच्या यादीत घालावंच लागतं, समितीतल्या कुणाला एकांगी वाटलं तरी.