लोगो आणि लँडस्केप एकाच रांगेत लावताना

"मॅडम, अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. पोर्टफोलिओत सगळ्यात चांगलं काम आधी ठेवायचंय. तळ्यावरच्या सूर्यास्ताचा माझा फोटो सगळ्यांना आवडतो, पण पक्ष्याचा लोगो कोणी धड बघतही नाही. मग लोगो शेवटी टाकू का?"

लगेच टाकू नकोस. "दिसायला कोणतं भारी" असं विचारलं की फोटोच जिंकणार, त्यात रंग आहेत, प्रकाश आहे, डोळ्याला फिरायला जागा आहे. लोगोला हे काही नकोच असतं, तो एका नजरेत ओळखू यावा आणि कुठेही छापला तरी टिकावा एवढंच त्याचं काम. म्हणून दोन्ही फाइल्स मी वेगवेगळ्या पद्धतीने तपासल्या.

लोगो आधी १६ बाय १६ पिक्सेलला आणला, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर असतो तेवढा. पक्षी ओळखू येतो, आणि हे खरंच छान जमलंय, पण शेपटीच्या पिसांमधल्या फटी बुजल्या. मग नुसत्या काळ्या रंगात करून बघितला तर पंख आणि अंग मिळून एकच गोळा झाला, कारण त्यांना वेगळं दाखवत होता तो फक्त ग्रेडियंट. शिक्का किंवा भरतकाम करायचं झालं तर ग्रेडियंट कुठून आणणार?

फोटो मात्र छोटा करून नाही, फुल साइजला बघायचा. मोबाइलवर मस्त वाटतो पण मोठा केला की क्षितिज डावीकडे कललेलं दिसतं (ते सरळ करता येईल) आणि खालचं पाणी इतकं रिकामं आहे की नजर आत शिरतच नाही. खरी अडचण आकाशाची आहे. सूर्याची चकती पांढरी असली तर चालतं, पण तुझ्याकडे आजूबाजूचे ढगही पांढरेफटक झालेत, हिस्टोग्राम उजव्या कडेला जाऊन चिकटलाय, आणि फाइल जेपेग असल्यामुळे तिथला डिटेल आता परत येणार नाही. रॉ असती तर थोडा तरी वाचवता आला असता.

आता क्रम. लोगोला ७ आणि फोटोला ८ असे मार्क देऊन ते एकमेकांसमोर ठेवू नकोस, कारण तू सगळ्याच फोटोंना ८ देत असशील तर त्या ८ वरून काहीच कळत नाही. आधी लोगो लोगोंमध्ये लाव, लँडस्केप लँडस्केपमध्ये, आणि मग बघ की आपापल्या गटात कोण किती वर आहे. तुझा पक्षी तुझ्या बाकीच्या लोगोंपेक्षा स्पष्टच पुढे आहे आणि त्याचा दोष दुरुस्त होण्यासारखा आहे, फोटो मात्र तुझ्याच इतर लँडस्केपमध्ये मधेच कुठेतरी बसतो. त्यामुळे माझ्या मते लोगो वर. अर्थात फोटोग्राफीच्या जागेसाठी अर्ज करणार असशील तर लोगो मागेच जाईल, पण तेव्हाही हा सूर्यास्त पहिला नको.

पंख आणि अंगामध्ये एक जाडसर पांढरी फट ठेव, शेपटीची पिसं कमी कर आणि काळ्या रंगातली फाइल पाठव, मग पुढचं बघू.