चार वर्षांच्या मुलाच्या पायात शेणमातीतला खिळा घुसलाय, त्याला एकही लस दिलेली नाही. धनुर्वाताचं कोणतं इंजेक्शन, किती आणि कधी?

आजच दोन्ही द्यायला हवीत: एका मांडीत धनुर्वाताचं इम्युनोग्लोब्युलिन (टीआयजी) २५० युनिट आणि दुसऱ्या मांडीत डीपीटी लस ०.५ मिली. दोन्ही स्नायूत, वेगवेगळ्या सिरिंजने. टीआयजीचा हा डोस वजनावर ठरत नाही. जखमेला २४ तास उलटून गेले असतील किंवा ती फारच घाण असेल, तर बरेच डॉक्टर ५०० युनिट देतात.

नुसतं 'टीटी' टोचून घरी पाठवणं ही इथली नेहमीची चूक. पहिल्या डोसने शरीर प्रतिपिंडं बनवायला शिकतं, पण पुरेसं संरक्षण सहसा दुसऱ्या डोसनंतरच मिळतं. आजार मात्र बहुधा ३ ते २१ दिवसांत दिसतो. मधला हा काळ टीआयजीतली तयार प्रतिपिंडं सांभाळतात, पण ती काही आठवड्यांत ओसरतात. म्हणून लसीचा दुसरा डोस ४ आठवड्यांनी चुकवू नका, आणि उरलेले डोस बालरोगतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. मूल ७ वर्षांहून मोठं असतं, तर डीपीटीऐवजी टीडी दिली असती.

खिळ्याची जखम वरून लहान दिसते, पण खोल असते. ती उघडून धुणं आणि आतली माती, मेलेली त्वचा काढणं डॉक्टरांकडूनच करून घ्या. अँटिबायोटिक टीआयजीची जागा घेत नाही. एक-दोन दिवस उशीर झाला असला तरी टीआयजी द्यावीच. जबडा आखडला, गिळायला त्रास झाला किंवा अंग ताठरलं, तर लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. तिथे उपचार वेगळे असतात.