अकरा जणांची गच्ची

‘आम्ही तीन वर्षं एकत्र आहोत. लग्नाचं मी तिला रीतसर विचारावं आणि तिला त्याची आधी कल्पना नसावी, असं वाटतं. पण ती फार संकोची आहे. चार लोकांनी एकदम बघितलं तरी गप्प होते. तिला अवघड न वाटता, दबाव न येता हे कसं जमवू?’

दोनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे समुपदेशनासाठी एक मुलगी आली होती. (तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तिच्या बाबतीत संकोची होता तो, आणि विचारणार होती ती. येताना वहीत पूर्ण आराखडा घेऊनच आली. मैत्रिणीच्या घराची गच्ची, दिव्यांच्या माळा, त्याच्या आवडीची गाणी, पाण्याच्या टाकीमागे लपलेले अकरा मित्रमैत्रिणी आणि त्यातला एक व्हिडिओ काढणारा. ‘छोटंसंच ठेवलंय,’ ती म्हणाली.

मी आधी एकच विचारलं, लग्नाबद्दल तुमचं बोलणं झालंय का? झालं होतं. कुठे राहायचं, त्याच्या आईची जबाबदारी कशी घ्यायची, नोकरीचं काय, इथपर्यंत. साधारण पुढच्या वर्षी करू, असं तोच म्हणाला होता. मला हायसं वाटलं, कारण लग्न करायचं की नाही हाच प्रश्न अचानक समोर आला, तर संकोची माणसाला तो परीक्षेसारखा वाटतो. सरप्राइज फक्त ‘कधी’ आणि ‘कसं’ यांचं असावं. तुमचं हे बोलणं अजून झालं नसेल, तर आधी ते करा, बाकीचं नंतर.

मग मी तिला विचारलं, अनेकांच्या नजरा एकाच वेळी त्याच्यावर होत्या असा शेवटचा प्रसंग कोणता? तिला त्याच्या ऑफिसमधला कार्यक्रम आठवला. त्याचं नाव पुकारलं गेलं, तो उठला, हसत पुढे गेला, बक्षीस घेतलं, फोटोला उभा राहिला. ‘छान हसत होता की,’ ती म्हणाली. आणि नंतर? नंतर तो सापडेना. वीस मिनिटांनी दिसला, पार्किंगमध्ये, गाडीत एकटाच बसलेला. हे सांगता सांगता तीच थांबली. मग म्हणाली, ‘म्हणजे ते हसू खरं नव्हतं?’

खोटंही नव्हतं. ते सभ्यतेचं हसू होतं. लाजरी माणसं घाबरली की बहुतेक वेळा पळत नाहीत. समोरच्याचा विरस होऊ नये म्हणून जे अपेक्षित आहे ते करून मोकळी होतात. गच्चीवरच्या बेतातली खरी अडचण हीच होती. अकरा जणांसमोर तो ‘हो’ म्हणालाच असता, आणि ते ‘हो’ तिच्यासाठी होतं की टाकीमागच्या मंडळींसाठी, हे तिला कधीच कळलं नसतं. प्रेक्षकांसमोर ‘मला जरा वेळ दे’ असं म्हणायची सोय नसते.

हे मित्र कोणासाठी बोलावले आहेत, असंही मी विचारलं. ती बराच वेळ वहीच्या कडेला पेनाने रेघोट्या ओढत राहिली. ‘माझ्यासाठी. एकटीने विचारायची भीती वाटते.’ त्या दिवशी वहीतलं बरंचसं खोडलं गेलं.

पुढच्या भेटीत आम्ही जागा ठरवली. तिला स्वतःच्या घरी विचारायचं होतं. मी त्याचं घर सुचवलं. कारण अगदी साधं आहे. त्याला अवघड झालं, तर तिच्या घरातून उठून निघणं त्याला जड जाईल. त्याच्या घरून मात्र ती सहज निघू शकते. तुम्हीही हे बघा, की विचारल्यानंतर तिला एकटं होता येईल का. लांबच्या प्रवासात, सहलीच्या पहिल्याच दिवशी किंवा घरी पाहुणे यायच्या तासभर आधी विचारू नये, तेही याचसाठी.

दर शनिवारी संध्याकाळी ते दोघं त्याच्याकडे एक हजार तुकड्यांचं चित्रकोडं जुळवत बसायचे. तिला हे फारच साधं वाटत होतं. मला मात्र यापेक्षा चांगलं काही सुचत नव्हतं. दोघांच्या नजरा टेबलावर, हातांना काम, एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहायची सक्ती नाही. संकोची माणूस समोरासमोरपेक्षा शेजारी बसून जास्त मोकळं बोलतो, हे माझ्या खोलीतही रोज दिसतं. अंगठी कोड्याच्या खोक्यात लपवायची कल्पना तिने काढलीच. मी नको म्हटलं. उघडलेली डबी समोर आली की तीच उत्तर मागत बसते. अंगठी पर्समध्ये राहू दे, उत्तर आलं की काढ.

बोलायचं काय, ते तिने दीड पान लिहून आणलं होतं. वाचायला लावलं, तर चार मिनिटं लागली. चार मिनिटं त्या बिचाऱ्याने चेहऱ्यावर काय भाव ठेवायचा? कापत कापत तीन वाक्यं उरली: ‘मला एक विचारायचंय. उत्तर आज द्यायलाच हवं असं नाही. माझ्याशी लग्न करशील?’ मधलं वाक्य तिला शेवटी हवं होतं. मी ते प्रश्नाच्या आधी घ्यायला लावलं, कारण प्रश्न ऐकल्यावर पुढचं काही कानात शिरत नाही.

तिला सर्वांत अवघड गेली ती शांतता. मी तिला प्रश्न विचारायला लावला आणि घड्याळ लावून एक मिनिट गप्प बसले. विसाव्या सेकंदाला ती म्हणाली, ‘अगदी घाबरू नकोस हां,’ आणि स्वतःच हसली. नेमकं हेच होतं. आपल्याला न सोसणारी शांतता आपण विनोदाने भरून काढतो, आणि विचारात पडलेल्या माणसाला आता आपल्या विनोदावरही हसावं लागतं. तिसऱ्या खेपेला तिने पूर्ण मिनिट काढलं. हात मांडीखाली दाबून.

ठरलेल्या शनिवारी त्याला सडकून सर्दी झाली होती. तिने विचारलंच नाही, निळे तुकडे वेगळे केले आणि घरी गेली. गच्ची आणि अकरा जण ठरलेले असते, तर हे जमलं नसतं.

विचारलं ते पुढच्या शनिवारी. आकाशाचा भाग चालू होता. तो काही बोलला नाही. हातातला तुकडा त्याने दोनदा फिरवून पाहिला, चुकीच्या जागी बसवला, काढला. कान लाल झाले होते. तिने हात मांडीखाली घेतले. मग खाली बघतच त्याने विचारलं, ‘हे कोणाकोणाला माहितीये?’

‘कोणालाच नाही. फक्त माझ्या समुपदेशकबाईंना.’

‘त्यांना सांग, हो म्हणाला,’ तो म्हणाला. ‘बाकी कोणाला आठवडाभर नको.’

अंगठी सैल निघाली. ती नीट करून आणायला दोघं एकत्र गेले. टाकीमागच्या अकरा जणांना बातमी कळली ती नवव्या दिवशी, त्यानेच पाठवलेल्या एका ओळीच्या मेसेजने.