कृषी सेवा केंद्राचं नाव कसं होईल?

"माझ्या गावाकडचे शेतकरी जाहिरात बघत नाहीत, एकमेकांना विचारूनच माल घेतात. दुकानाचं नाव कसं करू?"

एकाच पिकापासून सुरुवात करा, समजा सोयाबीन. मे महिन्यात प्रत्येक लॉटचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून दुकानात सगळ्यांना दिसतील असे ठेवा आणि आठवड्याने गिऱ्हाइकांसमोरच उघडून मोजा. ७० किंवा जास्त उगवले तरच तो लॉट विका. कमी भरला तर कंपनीला परत पाठवा. "थोडं दाट पेरा" म्हणून खपवू नका. मोजलेली उगवण आणि लॉट नंबर बिलावर लिहा.

गोणपाटात चांगलं उगवलेलं बियाणंही शेतात फसतं. पुरेशी ओल नसताना पेरलं किंवा ५ सेंटिमीटरपेक्षा खोल पडलं, की खापर दुकानदारावरच फुटतं. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबायला सांगा, त्या दिवसाची विक्री गेली तरी. पेरणीनंतर दहा दिवसांनी स्वतः बांधावर जा, विशेषतः जिथे उगवण विरळ आहे तिथे. पारावरची चर्चा तिथूनच सुरू होते.

नवं गिऱ्हाईक आलं की "कोणी पाठवलं?" विचारून वहीत नोंदवा. दोन हंगामांत कोणाच्या शब्दावर गाव चालतं ते कळेल. त्यांच्याच शेतात पुढची शिवार फेरी ठेवा.