अ‍ॅनिव्हर्सरीचं कॅप्शन आणि रिमोटचं भांडण

"ताई, आम्ही दोघं नोकरीमुळे वेगवेगळ्या शहरांत राहतो. पुढच्या आठवड्यात लग्नाचा वाढदिवस. गमतीचं कॅप्शन टाकलं की नवरा म्हणतो तुला माझी आठवणच येत नाही, आणि मनातलं लिहिलं की दोन्हीकडच्या आयांचे फोन, सगळं ठीक आहे ना म्हणून. मग लिहू तरी काय?"

अगं, अगदी याच भांडणावरून एक जोडपं माझ्याकडे आलं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). सेशन व्हिडिओ कॉलवरच, दोघं दोन शहरांतून. तिने टाकलेलं कॅप्शन असं होतं: "नवरा दुसऱ्या शहरात, रिमोट माझ्या हातात, यालाच म्हणतात सुखी संसार!" लाइक्स धो धो आले, नवऱ्याने पण हार्ट टाकला आणि मग रात्रीपर्यंत फोनच उचलला नाही.

तिचं म्हणणं, हे तर आम्ही फोनवर रोज बोलतो, तेव्हा हा खो खो हसतो. खरंय, पण फोनवर तिचं हसू ऐकू येतं, त्यामागचा एक लांब सुस्कारा पण ऐकू येतो, लिहिलेल्या ओळीत ते काहीच नसतं. आणि फोनवर ऐकणारा तो एकटाच, इथे त्याचे ऑफिसवाले, मित्र, मावश्या सगळे वाचणार आणि वरून कमेंट करणार, 'मग राहू दे त्याला तिकडेच'. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या, त्यात माणसं जोडणारा विनोद वेगळा आणि दुसऱ्याला टोचणारा वेगळा. कॅप्शनपुरतं मी ते असं तपासते की चेष्टा नक्की कोणाची चाललीये? अंतराची, नेटवर्कची, स्वतःची असेल तर बिनधास्त. 'तू नाहीस तेच बरंय' असा अर्थ निघत असेल तर कितीही इमोजी लावा, टोचणारच.

मग मी दोघांना एक काम दिलं. एकमेकांना न दाखवता लिहा, दुसरा जवळ नसल्यामुळे रोजच्या जगण्यात काय विचित्र झालंय. आठवण येते वगैरे चालणार नाही, डोळ्याला दिसेल असं काहीतरी हवं. त्याने लिहिलं की कॉलवर मी सगळ्यात जास्त बोलतो ते वाक्य म्हणजे 'हॅलो, ऐकू येतंय का?' तिने बराच वेळ घेतला आणि लिहिलं, अख्खा पलंग माझा आहे तरी मी अजून भिंतीकडच्या कडेलाच झोपते. हे वाचल्यावर तो गप्पच झाला, मला वाटलं नेटवर्क गेलं.

तयार झालेलं कॅप्शन हे: "पाच वर्षांच्या संसारात सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य, 'हॅलो, ऐकू येतंय का?' आता अख्खा पलंग माझा आहे, तरी झोपते मी माझ्याच कडेला. ये लवकर, तुझी बाजू रिकामीच आहे."

यातला क्रम बघ. गंमत आधी, ओढ नंतर. फीडमध्ये पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, त्या हसऱ्या असल्या की आयांना धडकी भरत नाही आणि पुढचं ज्याच्यासाठी आहे तो उघडून वाचतोच. उलटं केलं, म्हणजे आधी हळवं आणि शेवटी पंच, तर शेवटचं हसू आधीचं सगळं पुसून टाकतं, कमेंटमध्ये नुसते हाहा, आणि नवऱ्याला वाटतं ही सिरीयस नव्हतीच. दोन ओळी हळव्या पुरे, त्याहून जास्त असेल तर ते कॅप्शन नाही, पत्र आहे, आणि पत्र त्याला एकट्याला पाठवायचं.

आता तो रिमोट. दुसऱ्या सेशनला कळलं की त्याच्या बदलीचा अर्ज नामंजूर झालेला, ती त्याच्याकडे जायचा विषय दर वेळी 'बघू' वर अडकायचा, आणि त्यात 'सुखी संसार' वाचून त्याला वाटलं हिला यायचंच नाहीये. असं खाली काही असेल तर कॅप्शनने ते सुटत नाही. ओळखायचं कसं, तर एकाच विषयावरचा जोक वारंवार लागतोय का ते बघायचं. बाकी जोकवर हसणारा माणूस त्या एकावरच गप्प होत असेल तर फोन लावून विचार, कॅप्शन राहू दे बाजूला. या दोघांना त्या विषयासाठी अजून बरेच सेशन्स लागले, अजून एकत्र आलेले नाहीत, पण निदान 'बघू' च्या जागी एक तारीख ठरलीये.

तू एवढंच कर, पोस्ट करायच्या आदल्या दिवशी ड्राफ्ट त्याला पाठव. सरप्राइज जातं खरं, पण मला तो सौदा बरा वाटतो. 'हे वाक्य नको' म्हणाला तर आधी काढून टाक, का नको ते रात्री कॉलवर विचार.