कार्यशाळेच्या तिकिटांना अर्ली बर्ड आणि ग्रुप सवलत किती, कधीपर्यंत द्यावी?

दोन दिवसांची ब्लॉक प्रिंटिंगची कार्यशाळा घेतोय. ३० जागा आहेत. सवलतीची तारीख आणि जागा कशा ठरवायच्या?

तारीख कॅलेंडर बघून नव्हे, हॉलची पावती बघून ठरवा. हॉल रद्द केला तर पैसे परत मिळण्याचा शेवटचा दिवस त्यावर असतो. अर्ली बर्ड त्याच्या चार-पाच दिवस आधी बंद व्हायला हवं, कारण कार्यशाळा होणार की नाही हे तेवढ्यात कळायला हवं. कार्यशाळा महिनाअखेरीस असेल आणि हॉलची मुदत १२ तारखेची असेल, तर मी ७ तारीख धरेन. नोकरदारांचे पगारही तोवर झालेले असतात. २८ तारखेला मुदत संपवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आता जागा. समजा हॉल आणि प्रशिक्षकाचे मिळून ३२,००० रुपये, आणि कापड, रंग, जेवण धरून माणशी ६०० रुपये खर्च आहे. पूर्ण तिकीट २,५०० आणि अर्ली बर्ड २,००० ठेवलं, तर सवलतीच्या १० जागांतून खर्च वजा जाता १४,००० हाती येतात. उरलेले १८,००० भरून काढायला पूर्ण दराच्या आणखी १० जागा लागतात, कारण तिथे माणशी १,९०० सुटतात. म्हणजे २० जागांवर खर्च निघतो. तीसच्या तीस जागा सवलतीत विकल्या तर तोच खर्च निघायला २३ माणसं लागतील. म्हणून '७ तारीख किंवा पहिल्या १० जागा, जे आधी होईल ते' असं स्पष्ट लिहा.

ग्रुपसाठी चार जणांपासून माणशी २,२०० ठीक आहे. उरलेल्या जागांत असे दोन ग्रुप आले तरी खर्च २० ऐवजी २१ जागांवर निघतो, एवढंच. मात्र अर्ली बर्डवर ग्रुपची सूट चढवू देऊ नका. माणशी जेमतेम १,१०० उरतील. आणि ग्रुपचे पैसे एकाच वेळी, एकाच व्यवहारात, चारही नावांसह घ्या. 'आम्ही पाच जण नक्की येतोय' म्हणणाऱ्यांपैकी तिघंच पैसे भरतात आणि सूट मात्र पाचांची मागतात.

तिकीट विक्रीच्या साइटवर प्रत्येक प्रकाराची मर्यादा घालताना एकूण ३० ची मर्यादाही वेगळी घाला, नाहीतर सगळे प्रकार मिळून ३६ तिकिटं जातात. कुणी अर्ली बर्ड तिकीट रद्द केलं तर ती जागा पूर्ण दरात विका.

सवलतीच्या १० जागा दोनच दिवसांत संपल्या तर पुढच्या वेळी सहाच ठेवा. ७ तारखेपर्यंत तीनच गेल्या, तर मुदत वाढवून फारसं काही होत नाही; अडचण बहुधा विषयाची, दराची किंवा त्या शनिवार-रविवारची असते. शिवाय ८ तारखेला पूर्ण पैसे भरलेला माणूस तुमची मुदतवाढीची पोस्ट वाचतो आणि लगेच ५०० रुपये परत मागतो. त्यापेक्षा १२ तारखेच्या आत हॉल सोडायचा की नाही, ते ठरवा.